नातवाला भेटायचंय, पण कुठल्या कलमाखाली?

भेटीच्या दिवशी कुटुंब न्यायालयातल्या मुलांच्या खोलीबाहेर बाकावर कोण कोण बसलंय, हे ओळखायला फार वेळ लागत नाही. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला तरुण माणूस बहुधा बाप असतो. मांडीवर स्टीलचा डबा, पायाशी कापडी पिशवी आणि दर दोन मिनिटांनी जिन्याकडे नजर असेल, तर ते आजी-आजोबा. डब्यात लाडू असतात. कधी मूल येतं आणि डबा उघडतो. कधी ‘आज त्याला ताप आहे’ असा निरोप येतो आणि डबा तसाच एसटीनं परत जातो.

मुलगा-सून वेगळे झाले, नातू सुनेबरोबर गेला. किंवा लेक-जावई वेगळे झाले आणि नात जावयाकडे राहिली. मग एके दिवशी वकिलासमोर बसून पहिला प्रश्न विचारला जातो, ‘आम्हाला भेटायचा हक्क आहे की नाही?’ याचं प्रामाणिक उत्तर ऐकायला कडू आहे. आजी-आजोबांना नातवंडाला भेटण्याचा स्वतंत्र हक्क देणारं एकही कलम आपल्या कायद्यात नाही.

गंमत अशी की आजी-आजोबा या नात्याची कायद्याला ओळख नाही असं मुळीच नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा बघा. त्यात ‘मुलं’ या शब्दात नातू आणि नातही येतात, पण सज्ञान असतील तरच. म्हणजे नातू अठरा वर्षांचा झाला की त्याच्याकडे पोटगी मागता येते, आणि तो सहा वर्षांचा असताना त्याला डोळे भरून बघायचं म्हटलं तर कलम सापडत नाही.

मग असे अर्ज कोर्टात चालतात कसे? त्यासाठी तीन कायद्यांच्या फटीतून वाट काढावी लागते. पहिला म्हणजे १८९० चा पालक आणि पाल्य कायदा. त्यात अज्ञान मुलाचा पालक नेमण्यासाठी कोणताही नातेवाईक अर्ज करू शकतो, त्यामुळे आजोबांना दारातून आत यायला मिळतं. पण इंग्रजांच्या काळातल्या या कायद्याला पालकत्व आणि ताबा एवढंच ठाऊक; महिन्यातून दोनदा भेटायचं ही कल्पनाच त्यात नाही. दुसरा १९५५ चा हिंदू विवाह कायदा. त्याच्या २६ व्या कलमाखाली कोर्ट मुलांच्या ताब्याबद्दल वेळोवेळी आदेश देतं, पण तो दावा नवरा-बायकोचा असतो, त्यात सासू-सासऱ्यांना पक्षकार म्हणून जागा नाही. तिसरा १९८४ चा कुटुंब न्यायालय कायदा. त्याच्या सातव्या कलमात या न्यायालयाकडे कोणती प्रकरणं येतील याची यादी आहे, आणि तिथे पालकत्व, ताबा यांच्या जोडीला अज्ञान मुलाची भेट हाही शब्द आहे. कोर्टातले लोक त्याला सरळ ‘ॲक्सेस’ म्हणतात. नातवाच्या भेटीचा अर्ज उभा राहतो तो मुख्यतः या एका शब्दावर.

अर्ज उभा राहिला म्हणजे तो मंजूर झाला असं नव्हे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यातलं १३ वं कलम सांगतं की मुलाचं हित सर्वांत वरचं, आणि धर्म कोणताही असला तरी न्यायालयं आज हाच निकष लावतात. (हनफी मुस्लीम कायद्यात लहान मुलाच्या संगोपनाचा मान आईनंतर आईच्या आईकडे जातो, मग वडिलांच्या आईकडे. आजीला रांगेत नेमून दिलेली जागा असलेली ही आपल्याकडची दुर्मीळ व्यवस्था. पण तिथेही शेवटचा शब्द मुलाच्या हिताचाच.) थोडक्यात, आजोबांनी कितीही वेळा ‘माझा हक्क’ म्हटलं, तरी न्यायाधीश बघत असतात की ही भेट थांबली तर या पोराचं काही हरवतंय का. अर्ज जिंकणं-हरणं बहुतेक वेळा इथेच ठरतं.

हे नीट समजावं म्हणून एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत नेऊन बघू. समजा, आजोबा साताऱ्याचे निवृत्त शिक्षक आहेत. मुलाचं लग्न मोडलं, तो नोकरीसाठी दुबईला गेला, दोन वर्षांत एकदाच आला. सून सहा वर्षांच्या नातवाला घेऊन पुण्यात माहेरी राहते. घटस्फोटाच्या आदेशात वडिलांना महिन्यातून दोनदा भेट दिलेली आहे, पण वडीलच इथे नाहीत. नातू चार वर्षांचा होईपर्यंत आजी-आजोबांकडेच वाढला. आता सून फोन उचलत नाही.

आजोबांना वाटतं अर्ज साताऱ्यात करावा, जायला-यायला सोपं. तसं चालत नाही. मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या न्यायालयात जायचं, म्हणजे पुण्याला. अर्जात पहिली चूक इथेच होते. भेट हवी असताना वकील ‘ताबा द्यावा, तो न दिल्यास भेट द्यावी’ असं लिहितो. मोठं मागावं म्हणजे छोटं तरी मिळेल हा बाजारातला हिशेब. कुटुंब न्यायालयात तो उलटा बसतो. ताबा मागितला की सुनेला कळतं, हे लोक पोराला घेऊन जायला आलेत. मग ती सगळं बळ लावून लढते, आणि न्यायाधीशही सावध होतात. शिवाय वडील किंवा आई हयात आणि धड असताना आजी-आजोबांना ताबा मिळणं फार अवघड. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कोविडमध्ये आई-वडील दोघेही गेलेल्या मुलाला मावशीकडून काढून वडिलांच्या आई-वडिलांकडे दिलं खरं, पण तिथे दोन्ही पालक नव्हते. २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं आई गेलेल्या मुलाचा ताबा आजी-आजोबांकडून वडिलांकडे दिला, कारण नैसर्गिक पालकापेक्षा त्यांचा दावा वरचढ ठरत नाही.

म्हणून आपल्या आजोबांच्या अर्जात फक्त भेट मागितलेली आहे. त्यात काय लिहायचं? नातू चार वर्षं या घरात होता हे दाखवणाऱ्या साध्या गोष्टी. बालवाडीचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, ज्यावर आणणारी व्यक्ती म्हणून आजीचं नाव आहे, वाढदिवसाचे फोटो, शेवटची भेट कधी झाली त्याची तारीख. सून वाईट कशी, हे लिहायचं नाही. पुष्कळ अर्जांत पहिली पाच पानं सुनेच्या स्वभावावर खर्च होतात आणि नातू सहाव्या पानावर भेटतो. न्यायाधीश ती पानं वाचतात आणि त्यांच्या लक्षात येतं की जुनं भांडण नव्या नावानं दाखल झालंय.

नोटीस गेली. सुनेनं आपलं म्हणणं दाखल केलं. कोर्टाच्या भाषेत ‘से’ दिला. त्यात तीन मुद्दे आहेत. लग्नात सासू-सासऱ्यांनी छळ केला, मूल यांना ओळखत नाही, आणि भेटायचं असेल तर वडिलांच्या भेटीच्या वेळेत भेटा. यातला तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, आणि आजोबांच्या वकिलाला त्याचंच उत्तर तयार ठेवावं लागतं. वडील दर पंधरा दिवसांनी मुलाला नेत असतील तर न्यायाधीश हमखास विचारतात, ‘मग तुम्ही त्याच वेळी का नाही भेटत?’ त्यात गैर काही नाही. आठवड्यात मुलाला मोकळे दिवस दोन. ते आईत, बापात, आजोळात आणि वडिलांच्या घरात वाटत बसलं तर पोरानं खेळायचं कधी? आजी-आजोबांच्या स्वतंत्र भेटीला खरा आधार मिळतो तो वडील नसतील, परदेशी असतील किंवा स्वतः मुलाकडे पाठ फिरवून बसले असतील तेव्हा. आपल्या प्रकरणात वडील दुबईला आहेत, म्हणून अर्ज टिकतो.

पहिल्या मुद्द्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयापुढचं २०१९ चं एक प्रकरण सांगण्यासारखं आहे. नवरा वारला होता, बाईंनी दुसरं लग्न केलं होतं, आणि पहिल्या सासू-सासऱ्यांना नातवाची भेट देण्याचा कुटुंब न्यायालयाचा आदेश त्यांनी आव्हानित केला होता. सासरच्यांनी आपल्याला चांगलं वागवलं नाही, हे त्यांचं एक कारण. उच्च न्यायालयानं आदेशात हात घातला नाही. सून आणि सासू-सासरे यांच्यातली कटुता हे नातवाची भेट नाकारायला पुरेसं कारण नाही, असं त्या निर्णयाचं सार. मला हा निर्णय पटतो. पण त्याचा अर्थ ‘छळाचा मुद्दा गैरलागू’ असा कोणी लावू नये. सुनेच्या फिर्यादीत सासू-सासरे आरोपी असतील (जुनं ४९८-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५), तर न्यायालय आरोप कसला आहे ते बघतं. मुलासमोर मारहाण झाल्याचं दिसत असेल तर भेट नाकारलीही जाते. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालीही मुलाला अपाय होईल असं वाटलं तर दंडाधिकारी भेटीला नकार देऊ शकतात. शिवाय जामिनाच्या अटींमध्ये फिर्यादीशी संपर्क करू नये असं असेल, तर आधी ती अट वाचायची आणि मगच फोनला हात लावायचा. नातवाला हॅपी बर्थडे म्हणायला केलेल्या फोनवरून जामीन रद्द करण्याचा अर्ज येऊ शकतो.

दुसरा मुद्दा, मूल ओळखत नाही हा, सगळ्यांत नाजूक. दोन वर्षांची फारकत सहा वर्षांच्या पोराच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा असते. म्हणूनच अर्ज लवकर करणं आणि मूळ अर्जाबरोबरच अंतरिम अर्ज देणं महत्त्वाचं. मूळ अर्ज निकाली निघायला वर्षं जाऊ शकतात. अंतरिम आदेश नसेल तर त्या वर्षांत नातं आपोआप विरतं, आणि मग ‘ओळखतच नाही’ हे खरंच होऊन बसतं.

अंतरिम अर्ज आला की न्यायालय बहुतेक वेळा आधी विवाह समुपदेशकाकडे पाठवतं. कुटुंब न्यायालयाची रचनाच तशी आहे: आधी समेटाचा प्रयत्न, मग सुनावणी. वकिलालाही तिथे हक्कानं उभं राहता येत नाही, परवानगी लागते. ती सहसा मिळते. समुपदेशक आजी-आजोबांशी बोलतात, सुनेशी बोलतात, आणि मुलाला एकटं भेटतात. ‘आबा माहीत आहेत का?’ असा थेट प्रश्न फारसा विचारला जात नाही. चित्र काढायला देतात, घरात कोण कोण आहे ते विचारतात. समजा पोरानं घर काढलं आणि कोपऱ्यात एक म्हैस काढली. ‘ही कुणाची?’ ‘आबांची.’ एवढी म्हैस अहवालात आली तर तिचं वजन दहा पानी प्रतिज्ञापत्रापेक्षा जास्त असतं. मूल मोठं आणि समजतं असेल, तर न्यायाधीश स्वतः आपल्या दालनात त्याच्याशी बोलतात आणि त्याची इच्छा विचारात घेतात.

मग आदेश होतो, आणि तो पहिल्यांदा वाचून आजोबा हिरमुसतात. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी दोन तास, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, समुपदेशकांच्या नजरेखाली, तीन महिने. ते नीट पार पडलं तर पुढे बागेत किंवा आजोबांच्या पुण्यातल्या नातेवाइकांच्या घरी. दर बुधवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉल. साताऱ्याला नेण्याचं आणि मुक्कामाचं नावच नाही. पण हाच आदेश चांगला आहे. पायऱ्या लहान असल्या की सुनेचा धीर चेपतो आणि पोराचाही. शिवाय मुलांबाबतचे आदेश कायमचे नसतात. परिस्थिती बदलली की बदलून मागता येतात. सहा महिन्यांत खंड न पडता झालेल्या बारा भेटींची नोंद हातात असेल, तर मे महिन्याच्या सुट्टीत दोन दिवस सातारा, ही मागणी वेगळ्याच जोरानं करता येते. व्हिडिओ कॉललाही कमी लेखू नये. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यशिता साहू प्रकरणात प्रत्यक्ष भेटीच्या जोडीनं फोन-व्हिडिओवरच्या संपर्काचंही महत्त्व सांगितलं. ते प्रकरण आई-बापाचं होतं, पण दूर राहणाऱ्या आजीला तो मुद्दा उपयोगी पडतो.

असे आदेश बिघडतात कसे, तेही सांगायला हवं, कारण अर्धा दोष बाकावर बसलेल्यांचाच असतो. भेटीत आजोबा खिशातून फोन काढतात आणि दुबईला कॉल लावून देतात: ‘बघ, बाबा!’ वडिलांना स्वतंत्र भेट दिलेली असताना ही चोरवाट ठरते आणि पुढच्या तारखेला सुनेचा अर्ज हजर असतो. किंवा आजी विचारते, ‘आई कामावर गेल्यावर तुला कोण बघतं रे?’ तिच्या मनात काळजी असते, पण ते मूल घरी जाऊन सांगतं आणि तिथे तो पुरावा गोळा करणं ठरतो. आजी-आजोबा आपल्या मुलाच्या वतीनं लढायला आलेत असं एकदा न्यायाधीशांच्या मनात बसलं, की भेटी आटतात.

आणि सूनच आदेश पाळत नसेल तर? ताप, परीक्षा, मामाचं लग्न. प्रत्येक चुकलेल्या भेटीची तारीख लिहून ठेवायची, आपण हजर होतो याची नोंद समुपदेशकांकडे करून घ्यायची आणि त्याच न्यायालयात अर्ज द्यायचा. चुकलेल्या भेटींची भरपाई मागता येते. त्याही पुढे दरखास्त आहे, अवमानाची कारवाई आहे. पण पोलीस पाठवून पोराला आणा, असं न्यायालयं सहसा म्हणत नाहीत, आणि म्हणू नये. गणवेशातल्या माणसानं हाताला धरून आणलेलं मूल लाडू खात नाही. अंतरिम आदेशावर कुटुंब न्यायालय कायद्याखाली अपीलही नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. अंतिम निकालावर तीस दिवसांत अपील करता येतं.

नातवंडं परदेशी असणाऱ्या घरांना एक वेगळी गोष्ट माहीत असायला हवी. मूल न्यू जर्सीला राहत असेल तर पुण्यातल्या न्यायालयात हा अर्ज चालणं कठीण, कारण मूल नेहमी राहतं ते ठिकाण तिकडे आहे. अमेरिकेत सर्व राज्यांत आजी-आजोबांच्या भेटीबद्दल कायदे आहेत, हे ऐकून आशा वाटते. पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा ‘ट्रॉक्सेल विरुद्ध ग्रॅनव्हिल’ हा निकाल आधी वाचावा. वॉशिंग्टन राज्यातलं विभक्त जोडपं, दोन मुली, पुढे वडील वारले. आईनं आजी-आजोबांना भेटू नका म्हटलं नव्हतं. महिन्यातून एकदा थोडा वेळ भेटा, एवढंच म्हणणं होतं. आजी-आजोबांना महिन्यात दोन मुक्कामी शनिवार-रविवार आणि उन्हाळ्यात दोन आठवडे हवे होते. खालच्या कोर्टानं मधला मार्ग काढला: महिन्यात एक शनिवार-रविवार, उन्हाळ्यात एक आठवडा, आणि आजी-आजोबांच्या वाढदिवशी चार-चार तास. सर्वोच्च न्यायालयात तो टिकला नाही. आई धड असेल तर मुलांनी कोणाला किती भेटावं या तिच्या निर्णयाला विशेष वजन द्यायलाच हवं, असं तिथे ठरलं. फ्रान्सची वाट उलटी आहे. तिथल्या नागरी संहितेनं आजी-आजोबांशी संबंध ठेवण्याचा हक्क मुलाला दिलाय आणि फक्त मुलाच्या हितासाठीच तो अडवता येतो. आपण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहोत. आपल्याकडे विधी आयोगानं मे २०१५ मधल्या २५७ व्या अहवालात मुलांच्या ताब्याच्या कायद्यात सुधारणा सुचवल्या, त्यात आजी-आजोबांसोबतच्या वेळेसाठीही मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्याचा कायदा अजून झालेला नाही.

तोवर सर्वांत स्वस्त उपाय कोर्टात अर्ज करण्याच्या आधीच हाताशी असतो. परस्परसंमतीनं घटस्फोट होतो तेव्हा दोन्ही पक्ष अटी लिहून देतात. वकिलांच्या तोंडी त्या ‘कन्सेंट टर्म्स’. त्यात फ्लॅट, दागिने, पोटगी, गाडीचं कर्ज, सगळं येतं. मुलाच्या भेटीचं कलमही येतं, पण ते वडिलांपुरतं. तिथेच एक वाक्य वाढवता येतं: वडील गावी किंवा देशात नसतील तेव्हा त्यांच्या भेटीच्या वेळेत वडिलांचे आई-वडील मुलाला भेटू शकतील, आणि आठवड्यातून एकदा फोनवर बोलू शकतील. आजी-आजोबा त्या दाव्यात पक्षकार नसतात, त्यामुळे अट मोडली तर तक्रार मुलालाच करावी लागते, एवढी त्याची मर्यादा. पण सून या वाक्याला सही करताना सहसा अडत नाही, कारण तेव्हा ते तिच्याकडून काही हिसकावत नसतं. दोन वर्षांनी नोटिशीतून आलं की तेच वाक्य तिला धमकीसारखं वाटतं.

तुमच्या घरात अशा अटींचा मसुदा सध्या टेबलावर असेल, तर सह्या होण्याआधी तो मागून घ्या आणि भेटीचं कलम शेवटपर्यंत वाचा. आजी-आजोबा हा शब्द त्यात नसेल तर तो घालून घ्या.